शेवटच्या हप्त्याआधीचे पत्र

जानेवारीतली गोष्ट. घराच्या दुरुस्तीचे काम संपत आले होते. रंगाचा वास अजून गेला नव्हता, पण स्वयंपाकघर लागले होते आणि रमजानला तीन-चार आठवडे उरले होते. असरनंतर ठेकेदारांचा फोन आला. "काम झालंय भाई. जादा काम धरून एक लाख बत्तीस हजार होतात. जुम्म्यापर्यंत द्या."

आमच्या वहीप्रमाणे शेवटचा हप्ता ६० हजारांचा होता. मग वरचे ७२ हजार कशाचे? विचारले तर म्हणाले, "जादा काम किती निघालं, तुम्ही बघितलंच की." बघितले होते हे खरे. जुनी भिंत पोकळ निघाली होती, कुजलेले पाइप निघाले होते. पण बघणे आणि हिशेब होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शाळेत गणिताचा पेपर तपासताना आम्ही नुसत्या उत्तराला पूर्ण गुण देत नाही. रीत दाखव, म्हणतो. उत्तर चुकले असेल तर कुठे चुकले हे रीतीवरूनच कळते आणि बरोबर असेल तर त्यावर विश्वास बसतो. ठेकेदारांनी आम्हाला उत्तर सांगितले होते, रीत दाखवली नव्हती. म्हणून आम्ही दोघांनी बसून एक पत्र लिहिले. गेल्या काही महिन्यांत दोन-तीन वाचक भगिनींनी घरदुरुस्तीच्या पैशांवरून झालेले वाद आम्हाला कळवले आहेत. त्यांच्यासाठी ते पत्र आणि त्यातून पुढे काय निघाले, हे या वेळी सांगतो.

पत्राचे नाव काढताच अम्मी नाराज झाल्या. ठेकेदार आमच्याच मोहल्ल्यातले, जुम्म्याला एकाच सफमध्ये उभे राहणारे. अम्मी म्हणाल्या, "आपल्या माणसाला कागद पाठवायचा? आणि मजुराचे पैसे त्याचा घाम वाळायच्या आत द्यायचे असतात, हे विसरलात काय?"

मजुरीची हदीस आम्ही विसरलो नव्हतो, त्याबद्दल पुढे सांगतोच. पण व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल कुरआनात सूरह बकराची २८२ वी आयत आहे, आणि ती संपूर्ण कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असेच तिचे सांगणे आहे. आपल्या माणसाला यातून सूट दिलेली नाही. उलट आपल्या माणसाशीच तोंडी हिशेब बिघडला तर सलाम तुटतो. अम्मींना हे पटले की नाही ठाऊक नाही, पण त्या गप्प झाल्या.

एक गोष्ट आमच्या बाजूने होती. काम सुरू करताना आम्ही दोन पानांची लेखी बोली केली होती. एकूण रक्कम सहा लाख, त्यात कोणकोणती कामे येतात याची यादी, पाच हप्ते, आणि शेवटी जादा कामाचे दर. प्लास्टर चौरस फुटाला ५० रुपये, फरशी माल-मजुरीसह बसवून तयार चौरस फुटाला ११० रुपये, विजेचा पॉइंट ९०० रुपये. हे दर आमच्या बोलीतले आहेत, गावोगावी ते वेगळे असतील. या कागदामुळेच पत्र लिहिणे सोपे गेले. पत्र असे होते :

"माननीय ठेकेदार भाई,
अस्सलामु अलैकुम.

विषय : घरदुरुस्तीच्या कामाचे तपशीलवार अंतिम बिल मिळण्याबाबत.

आमच्या मिरज येथील घराचे काम आपण ५ नोव्हेंबरच्या लेखी बोलीप्रमाणे केले आहे. काम बहुतेक पूर्ण झाले आहे व ते नीट झाले आहे, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.

बोलीची रक्कम ६,००,००० रुपये. त्यापैकी ८ नोव्हेंबर, २५ नोव्हेंबर आणि १७ डिसेंबर रोजी प्रत्येकी १,५०,००० व ९ जानेवारी रोजी ९०,००० असे एकूण ५,४०,००० रुपये आपल्याला पोहोचले आहेत. शेवटचा हप्ता ६०,००० रुपयांचा राहिला आहे. आपण २२ जानेवारी रोजी फोनवर १,३२,००० रुपये सांगितले. म्हणजे ७२,००० रुपये जादा कामाचे होतात. त्याचा तपशील आम्हाला मिळालेला नाही. तरी शेवटची रक्कम देण्याआधी पुढीलप्रमाणे बिल द्यावे ही विनंती.

१) जादा कामाची प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत लिहावी. कामाचे नाव, घरातली जागा, माप किंवा नग, दर आणि रक्कम असावी.
२) बोलीत असून न झालेले काम वेगळे दाखवून वजा करावे.
३) जिथे दर ठरला नव्हता तिथे एकठोक रक्कम न लिहिता मालाच्या दुकानाच्या बिलांच्या प्रती आणि मजुरीचे दिवस लिहावेत.
४) आपली जीएसटी नोंदणी असल्यास बिलावर तो क्रमांक असावा. नसल्यास बिलात जीएसटीची रक्कम लावू नये.
५) राहिलेली कामे : न्हाणीघरातला गळका नळ, खिडकीची कडी, आणि न्हाणीघराच्या फरशीवर २४ तास पाणी साठवून गळतीची तपासणी.

बिल ३० जानेवारीपर्यंत मिळावे. रविवार, १ फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजता आपण व आम्ही मिळून मापे घेऊ. मापे जुळल्यावर तीन दिवसांत पूर्ण रक्कम आपल्या खात्यात भरू.

या कामावरच्या कोणा मजुराची मजुरी थकली असेल तर तेवढी रक्कम आजच कळवावी. ती लगेच देऊ, आणि अंतिम रकमेतून वळती करू.

आपले,
(दोघांच्या सह्या, २४ जानेवारी)"

पत्रात "पैसे देणार नाही" असे कुठेच नाही, हे पाहा. पैसे कधी देणार याची तारीख उलट आम्ही स्वतःवरच घालून घेतली. पैसे अडवण्यासाठी पत्र लिहिले आहे असे वाटले की समोरचा माणूस हिशेब करायचा सोडून भांडायला उभा राहतो. तारीख वाचली की तो बिल लिहायला बसतो.

मजुरीची ओळ अम्मींच्या बोलण्यामुळे आली, आणि ती बरी आली. फरशीवाला आणि रंगारी यांचे मिळून १८ हजार थकले होते. ते त्याच संध्याकाळी दिले आणि त्यावर "अंतिम रकमेपैकी" असे लिहून ठेकेदारांची सही घेतली. शेवटचा हप्ता थांबला की झळ बहुतेक वेळा ठेकेदाराला लागत नाही, रोजंदारीवरच्या माणसाला लागते. त्याचा आपल्या मापांशी काही संबंध नसतो.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक त्यांच्या हाती दिली, दुसरीवर "मिळाले" अशी सही व तारीख घेतली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवला. सही द्यायला कोणी नकार दिला तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.

पत्र वाचून ठेकेदारांचा चेहरा पडला. "विश्वास नाही काय?" म्हणाले. आम्ही म्हटले, "विश्वास आहे म्हणूनच तुमच्या हातचा कागद मागतोय." मग दुसरी गोष्ट निघाली. "पक्कं बिल पाहिजे असेल तर वर अठरा टक्के लागतील." हे वाक्य ऐकून पुष्कळ घरे माघार घेतात. पण तपशीलवार बिल आणि जीएसटी या दोन वेगळ्या बाबी आहेत. बाबी, मापे आणि दर साध्या कागदावर लिहून दिल्याने कोणताही कर लागत नाही. कर लागतो की नाही हे ठेकेदाराच्या नोंदणीवर ठरते. अशा सेवेच्या कामात आपल्याकडे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. नोंदणी असेल तर कर आपण बिल मागितले म्हणून लागत नाही, तो मुळातच लागतो, म्हणून दर ठरवतानाच तो आत धरला आहे की वेगळा, हे विचारून घ्यावे. नोंदणी नसेल तर त्या नावाने पैसे घेण्याचा त्यांना हक्कच नाही. आमच्या ठेकेदारांची नोंदणी नव्हती. विषय तिथेच मिटला.

३० तारखेला बिल आले. वहीच्या रेघी पानावर पाच ओळी. जादा प्लास्टर ४२० चौरस फूट, २१,००० रुपये. जादा फरशी १६० चौरस फूट, १७,६००. जादा विजेचे पॉइंट १४, १२,६००. पाइप बदलले, एकठोक १२,०००. राडारोडा चार ट्रॉली, ८,८००. बेरीज बरोबर ७२,०००. म्हणजे फोनवरचा आकडा हवेतला नव्हता. रविवारी टेप, बोलीचा कागद आणि कामाच्या दिवसांत आम्ही भरलेली वही घेऊन आम्ही घरभर फिरलो.

पहिली ओळ प्लास्टरची. मधली जुनी भिंत २१ फूट लांब आणि १० फूट उंच. दोन्ही बाजूंचे मिळून ४२० चौरस फूट, माप बरोबर. पण त्या भिंतीत एक दार आहे, ३ बाय ७, आणि एक खिडकी, ४ बाय ४. ती जागा ३७ चौरस फूट होते. आम्ही म्हटले, दोन्ही बाजूंनी मिळून ७४ वजा करा. ठेकेदार म्हणाले, "नाही भाई, एकाच बाजूची वजा होते. दाराच्या आतल्या कडांना प्लास्टर केलंय, त्याचं माप कुठं धरलंय?" हे त्यांचे बरोबर होते. मोजमापाचे भारतीय मानक, आय. एस. १२००, हेच सांगते. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांची लहान मोकळी जागा वजाच करत नाहीत. त्याहून मोठी पण तीन चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सुमारे ३२ चौरस फुटांची असेल आणि दोन्ही बाजूंना सारखेच प्लास्टर असेल, तर एका बाजूची वजा करतात. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंची वजा करून कडा वेगळ्या मोजतात. आमचे दार आणि खिडकी मधल्या गटात बसत होती. म्हणून ४२० मधून ३७ गेले, ३८३ उरले. रक्कम १९,१५०. इथे त्यांची चूक निघाली तशी आमचीही निघाली.

दुसरी ओळ फरशीची. टेपने मोजली तर बसवलेली जादा फरशी १२८ चौरस फूट भरली. मग १६० कुठून आले? दहा खोकी आणली होती आणि खोक्याला १६ चौरस फूट धरले होते. दोन बाय दोन फुटांची म्हणून जी फरशी मिळते ती प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते. चार नगांचे खोके साडेपंधरा चौरस फूट भरते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की आमचा दर "बसवून तयार" असा होता. अशा दरात कापताना जाणारा आणि फुटणारा माल धरलेलाच असतो, म्हणून पैसे बसलेल्या जागेचे द्यायचे, आणलेल्या खोक्यांचे नाही. माल आपण आणला असता आणि फक्त मजुरी त्यांची असती, तर वाया गेलेला माल आपल्या अंगावर आला असता. रक्कम झाली १४,०८०. एक न फोडलेले खोके उरले होते. पुढे एखादी फरशी तडकली तर त्याच रंगाची मिळणे कठीण, म्हणून ते दुकानाच्या भावाने ७२० रुपयांना आम्ही ठेवून घेतले.

तिसरी ओळ पॉइंटची. मोजले तर चौदाच भरले. पण फ्रिज, गीझर आणि पंख्याच्या जाळीचा, हे तीन मूळ यादीत होते. उरले अकरा, ९,९०० रुपये.

चौथी ओळ पाहून आम्हाला सर्वांत जास्त शंका आली होती. एकठोक, गोल आकडा. पण पत्रातल्या तिसऱ्या मुद्द्याप्रमाणे त्यांनी कागद आणले होते. पाइपांचे दुकानाचे बिल ४,६५०, जोडण्यांचे २,१००, प्लंबर तीन दिवस १,२०० प्रमाणे ३,६०० आणि मदतनीस तीन दिवस ५५० प्रमाणे १,६५०. बेरीज बरोबर १२,०००. आमच्या वहीतही प्लंबर तीन दिवस आल्याची नोंद होती. एक रुपयाही कमी झाला नाही, आणि आमच्या मनातली शंका गेली. बिल मागितले नसते तर आम्ही कदाचित याच ओळीवर अडून बसलो असतो आणि त्यांच्यावर अन्याय केला असता.

पाचवी ओळ राडारोड्याची. बोलीत "तोडफोड व राडारोडा उचलणे" सहा लाखांतच होते. चारपैकी तीन ट्रॉली त्या तोडफोडीच्या होत्या. एकच ट्रॉली जुन्या भिंतीच्या जादा प्लास्टरची होती. रक्कम २,२००.

आता बिलात नसलेल्या दोन गोष्टी. स्वयंपाकघरात ८,५०० रुपयांचा माळा बोलीत होता. मध्येच आम्ही तो नको म्हटले होते. सगळेच विसरले होते, दुसऱ्या मुद्द्यामुळे तो आठवला. ८,५०० वजा झाले. उलट गच्चीवर टाकीखाली कट्टा बांधला होता, ३,८०० रुपयांना बोलून. तो ठेकेदार स्वतः लिहायला विसरले होते. आमच्या वहीत होता. आम्ही सांगितले, त्यांनी लिहून घेतला. तिथून पुढे टेप धरणाऱ्या दोघांचा सूरच बदलला.

पाच ओळी मिळून ५७,३३० झाले. माळ्याचे ८,५०० वजा, कट्ट्याचे ३,८०० आणि खोक्याचे ७२० अधिक. जादा कामाचे राहिले ५३,३५०. त्यात शेवटचा हप्ता ६०,००० मिळवला, १,१३,३५० झाले. मजुरीचे दिलेले १८,००० वळते केले. द्यायचे राहिले ९५,३५०. फोनवरच्या आकड्यापेक्षा १८,६५० रुपये कमी, आणि त्यातल्या कुठल्याही रुपयासाठी घासाघीस करावी लागली नाही.

न्हाणीघराची मोरी बंद करून सोमवारी दोन इंच पाणी साठवले. मंगळवारपर्यंत बाहेरच्या भिंतीवर ओल आली नाही. नळ आणि कडी बदलून झाली. बुधवारी पैसे खात्यात भरले आणि बिलाच्याच कागदावर "पूर्ण रक्कम मिळाली, येणे बाकी नाही" अशी त्यांची सही घेतली. गळती निघाली तर वर्षभर दुरुस्त करून देण्याची अट बोलीत होती. ती तशीच लागू आहे, एवढी एक ओळही खाली लिहून घेतली. नाहीतर "येणे बाकी नाही" याचा अर्थ "आता माझा संबंध नाही" असा लावला जातो.

ज्यांनी आधी दर लिहून घेतलेच नाहीत त्यांनी काय करावे? त्यांचे पत्र थोडे दुबळे पडते, हे खरे. माप टेपने सिद्ध करता येते, दर तसा करता येत नाही. अशा वेळी आमच्या चौथ्या ओळीची रीत वापरावी. प्रत्येक बाबीला मालाची बिले आणि मजुरीचे दिवस मागावेत, त्यावर ठेकेदाराचा वाजवी नफा धरावा आणि दोघांना मान्य अशा एखाद्या जुन्या मिस्त्रीला मध्ये बसवावे. आणि बिल आलेच नाही तर सगळी रक्कम दाबून बसू नये. जे काम झाले आहे आणि ज्यावर वाद नाही त्याचे पैसे देऊन टाकावेत, वादाच्या ओळीपुरतेच थांबावे आणि तसे लिहून कळवावे. पुढे प्रकरण पंचांकडे किंवा ग्राहक आयोगाकडे गेलेच, तर हीच पत्रे आपल्या बाजूने बोलतात.

परवा ठेकेदार घरी आले होते. मोहल्ल्यातल्या दुसऱ्या एका घराचे काम त्यांना मिळाले आहे. आमच्या पत्राची प्रत मागत होते. "त्या लोकांनाही आधीच दाखवतो," म्हणाले, "म्हणजे शेवटी तोंड चुकवायला नको." अम्मींनी त्यांना चहा दिला आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "कागद वाईट नव्हता."